फाटक, नाका, सिग्नल: आठ किलोमीटरचा अर्धा तास

मागच्या भागात पेठांमधल्या हौदांबद्दल बोललो होतो. आज विषय जरा रुक्ष वाटेल, पण त्याची सुरुवात आमच्या घरातल्या एका भांडणातून झाली, त्यामुळे ऐका.

आम्ही शनिवार पेठेतले. माझे आजोबा घोरपडीला नोकरीला होते, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. घरापासून साधारण आठ किलोमीटर. तीसेक वर्षं ते सायकलने गेले. शनिवारवाडा, फडके हौद, रास्ता पेठ, कॅम्प, मग एम्प्रेस गार्डनच्या बाजूने घोरपडी. "चाळीस मिनिटं, एक मिनिट इकडेतिकडे नाही," असं ते सांगायचे. २०१९ मध्ये योगायोगाने माझं पहिलं ऑफिसही त्याच बाजूला निघालं. मी दीडशे सीसीच्या गाडीवर जायचो. मला अर्धा तास लागायचा, आणि फाटकावर वाईट सापडलो तर आजोबांपेक्षाही जास्त. त्यावरून ते मला रोज टोमणे मारायचे.

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे माझ्या दृष्टीने हे अपमानास्पद होतं. माझी गाडी त्यांच्या सायकलच्या तिप्पट वेगाने पळू शकते, मग वाचलेली दहा मिनिटं सोडली तर बाकीचा फायदा कुठे गेला?

हिशेब मांडून बघू. आकडे ढोबळ आहेत, पण माझ्या रोजच्या अनुभवाच्या जवळचे आहेत. गाडी प्रत्यक्ष चालत असताना ताशी ३० किलोमीटरचा वेग धरला, तर ८ किलोमीटरला १६ मिनिटं. वाटेत बारा सिग्नल. प्रत्येकाला थांबणं, वेग कमी करणं, परत पकडणं धरून सरासरी ४० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. आणि एक बंद फाटक, ६ मिनिटं. एकूण ३० मिनिटं. म्हणजे घर ते ऑफिस सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर. आजोबांचा १२ होता.

आता गंमत बघा. समजा रस्ता रुंद केला, डांबर गुळगुळीत केलं आणि मी ३० ऐवजी ४० ने जाऊ लागलो. चालण्याचा वेळ १६ वरून १२ मिनिटांवर आला. एकूण २६ मिनिटं, सरासरी साडेअठरा. त्याऐवजी वेग तोच ठेवून फक्त फाटक काढलं, तर २४ मिनिटं, सरासरी २०. एका फाटकाने खाल्लेला वेळ, वेगात तब्बल एक तृतीयांश वाढ करूनही भरून निघत नाही. कारण थांबलेला वेळ मिनिटांत मोजला जातो आणि तो अंतरावर अवलंबून नसतो. हीच सहा मिनिटं पुण्याहून साताऱ्याला जाताना ११० किलोमीटरच्या प्रवासात गेली असती, तर ताशी ६० ची सरासरी ५७ वर आली असती. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. शहरातल्या आठ किलोमीटरमध्ये तीच सहा मिनिटं २० ची सरासरी १६ वर आणतात.

आता या तिघांचा इतिहास. फाटक आधी घेऊ.

मुंबईकडून येणारी रेल्वे १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत सुरू झाली, बोरघाटातला अवघड टप्पा १८६३ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान १८६० पर्यंत मार्ग सोलापूरला पोचला होता. पुढे १८८० च्या दशकात मिरजेचा मार्ग आला, तो घोरपडीजवळच सोलापूरच्या मार्गापासून फुटतो. म्हणून घोरपडी गावाभोवती एकाच परिसरात दोन वेगवेगळ्या मार्गांची फाटकं आली. मार्ग टाकले तेव्हा तिथे गाव होतं, शेतं होती आणि छावणी होती. बैलगाडीने पाच मिनिटं थांबणं म्हणजे काहीच नव्हतं. फाटकामागचा नियम आजही तोच आहे, रेल्वे थांबत नाही, रस्ता थांबतो. आणि ते बरोबरही आहे, कारण हजार टनांची गाडी ब्रेक लावल्यावर जागच्या जागी उभी राहत नाही. बऱ्याच फाटकांवर सिग्नल आणि फाटक एकमेकांना कुलूपबंद असतात. फाटक बंद झाल्याशिवाय रेल्वेला हिरवा दिवा मिळतच नाही. म्हणजे गाडी दिसायच्या बऱ्याच आधी फाटक पाडावं लागतं. 'अजून गाडी दिसत नाही, तरी बंद का केलं' या रागाचं उत्तर या जोडणीत आहे.

पण फाटकाचं खरं दुखणं बंद असण्यात नाही, उघडल्यानंतर आहे. समजा एका बाजूने मिनिटाला १० वाहनं येतात आणि फाटक उघडं असताना मिनिटाला १५ सुटू शकतात. फाटक ६ मिनिटं बंद राहिलं, तर ६० वाहनं जमली. उघडल्यावर १५ सुटतात, पण मागून १० येत राहतात, म्हणजे रांग दर मिनिटाला पाचनेच कमी होते. साठ संपायला १२ मिनिटं. सहा मिनिटांच्या बंदीचा त्रास अठरा मिनिटं पुरतो. आता दुसरी गाडी पहिल्या फाटकबंदीपासून पंधराव्या मिनिटाला आली तर? उघडं फाटक मिळालं फक्त ९ मिनिटं, त्यात रांग ४५ ने कमी झाली. १५ उरली. ती पुढच्या ६० मध्ये मिळाली, झाली ७५. त्यानंतर प्रत्येक फेरीला पंधरा जास्त. सकाळच्या वेळी, मिरज आणि सोलापूर दोन्हीकडच्या गाड्या लागोपाठ आल्या की हेच होतं. फाटकाजवळच्या चहावाल्याला हे गणित न शिकता ठाऊक असतं. "दुसरी गेली की मग सुटेल," तो म्हणायचा.

आणि आपली खास भर वेगळीच. बंद फाटकासमोर दुचाकी डावीकडची जागा भरून झाल्यावर उजवीकडे, समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये शिरतात. पलीकडेही तेच. फाटक वर गेलं की दोन सैन्यं समोरासमोर. मिनिटाला १५ सुटायची ती ७ च सुटतात आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो. हे मी मान्य करून टाकतो, मीही उजवीकडे शिरलोय.

नाक्याची गोष्ट माझ्या रोजच्या रस्त्यावर नाही, ती सुट्टीच्या दिवशी लागते. रस्त्याचा पैसा रस्त्यावरच वसूल करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मुंबई प्रांतात रस्ते आणि पुलांवरच्या टोलसाठी १८७५ चा कायदाच आहे. शहराच्या वेशीवर जकात नाके होते ते वेगळे. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि तिच्या जागी एलबीटी आला, तोवर मालाचे ट्रक वेशीवर कागद दाखवत उभे असायचे. ते रस्त्याच्या कडेला थांबायचे, पण मागच्यांचा रस्ता अरुंद व्हायचा.

टोलवर रांग का लागते, हे मला ऑफिसमुळे समजलं. आमचा सर्व्हर ८० टक्के भरला तर काही वाटत नाही, ९५ टक्क्यांना सगळे फोन करायला लागतात. टोलची खिडकी तशीच आहे. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षी, गर्दीच्या वेळीसुद्धा एका गाडीला दहा सेकंदांहून जास्त लागू नयेत, असा निकष आला. १० सेकंद म्हणजे एका लेनमधून तासाला ३६० गाड्या. गाड्या अनियमित येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमी-जास्त होतो, असं धरलं तर तासाला ३०० गाड्या आल्यावर रांगेतला सरासरी वेळ ५० सेकंद येतो. ३४० आल्या तर? जवळजवळ तीन मिनिटं. गाड्या १३ टक्के वाढल्या, वाट पाहणं तिपटीहून जास्त झालं. लेन भरत आली की उरलेली थोडीशी मोकळीक हीच सगळी गोष्ट असते. शनिवारी सकाळी खेड-शिवापूरला मोठी रांग आणि मंगळवारी दुपारी काहीच नाही, याचं कारण हे. ही रांगांची गणितं मुळात कोपनहेगनच्या टेलिफोन एक्सचेंजसाठी ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये सुरू केली होती, हे मला फार उशिरा कळलं.

सिग्नल तर थेट रेल्वेतून आला. १८६८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटसमोर जे. पी. नाइट या रेल्वे सिग्नलच्या इंजिनियरने रेल्वेसारखेच हात वर-खाली होणारा खांब उभा केला, रात्रीसाठी गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिन्याभरात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला. चौकाला फाटक लावायची कल्पना मात्र पुढे टिकली.

फरक एवढाच की चौकात कुणालाच रेल्वेसारखा हक्क नसतो, सगळ्यांना वाटून द्यायचं असतं. १२० सेकंदांच्या फेरीत तुमच्या बाजूला ३० सेकंद हिरवा असला, तर लाल ९० सेकंद. तुम्ही कधीही पोचू शकता, म्हणजे चारपैकी तीन वेळा लाल लागणार, आणि लागल्यावर सरासरी ४५ सेकंद. दोन्ही गुणलं की प्रत्येक चौकाला सरासरी ३४ सेकंद, तेही समोर रांग नसेल तर. मग फेरी लहान का करत नाहीत? कारण प्रत्येक बाजू बदलताना काही सेकंद वाया जातात, पिवळ्यात आणि सगळे हलेपर्यंत. फेरी लहान केली की हे वाया जाणं तासाभरात जास्त वेळा होतं. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये या दोघांच्या मधला सोन्याचा बिंदू काढायचं सूत्र दिलं. मात्र चौकात रहदारी क्षमतेच्या जवळ गेली की ते सूत्रही फेरी लांबच लांब करायला सांगतं. म्हणून गर्दीच्या चौकात उलटी मोजणी १०० च्या पुढून सुरू होते.

आजोबांच्या काळात हे बारा सिग्नल नव्हते. चौकात पोलीस असायचा, कुठे कुणीच नसायचं. आणि फाटकाला पादचाऱ्यांसाठी बाजूला एक छोटी वाट असायची, तिथून ते सायकल हातात धरून जायचे. म्हणजे त्यांचा १२ चा वेग वाटेत फारसा कापलाच जात नव्हता. माझ्या ३० मधले निम्मे थांबण्यात जात होते.

हा सगळा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला, बाराचा आकडा बोटाने मोजून बघितला आणि म्हणाले, "अरे, अकरा आहेत. फडके हौदाचा दोनदा धरलायस."