किमान मागणी आणि पेटीची पट

पुरवठादार एका वेळी ज्यापेक्षा कमी नग देत नाही, ती त्याची किमान मागणी. बाजारात तिला सर्रास एमओक्यू म्हणतात. पेटीची पट ही वेगळी अट आहे. माल बंद पेटीतच निघतो, म्हणून मागणी पेटीतल्या नगांच्या पूर्ण पटीत द्यावी लागते. एकाच मालावर या दोन्ही अटी असू शकतात. साठ्याचा हिशेब करणारा आपल्या सूत्राने एक आकडा काढतो आणि या अटी तो आकडा वर ढकलतात. ढकलण्याचे नुकसान किती, हे वाढलेल्या नगांवरून कळत नाही. वाढलेला माल किती महिने पडून राहील, यावरून कळते.

मूळ आकडा बहुधा किफायती मागणीच्या सूत्रातून येतो. हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले. मागणी लहान ठेवली की ती वारंवार द्यावी लागते आणि दर वेळचा कागदपत्रांचा, वाहतुकीचा, माल मोजून घेण्याचा खर्च वाढतो. मोठी ठेवली की पैसा आणि जागा अडकते. दोन्ही खर्चांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती किफायती मागणी. पुरवठादाराच्या अटी या सूत्रात कुठेच नाहीत. त्या नंतर, बाहेरून लागू होतात.

रुग्णालयाच्या औषधभांडारातली दोन मलमे घेऊ. पुरवठादार एकच, खरेदीचा भाव नगाला ६० रुपये, पेटीत ४८ नग आणि किमान मागणी २४० नग, म्हणजे पाच पेट्या. एका मागणीचा खर्च १५० रुपये धरू आणि एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च भावाच्या २५ टक्के, म्हणजे १५ रुपये. पहिले मलम वर्षाला १,२०० नग खपते, दुसरे अवघे ६०.

पहिल्याची किफायती मागणी १५५ नग येते आणि दोन्ही खर्च मिळून वर्षाला सुमारे २,३२४ रुपये. फक्त पेटीची अट पाळली तर १९२ नग मागवावे लागतात, आणि खर्च दोन-सव्वादोन टक्क्यांनी वाढतो. किमान मागणीही पाळली तर २४० नग आणि खर्च २,५५० रुपये, म्हणजे जवळपास दहा टक्के जास्त. मागणी दीडपट झाली, तरी वर्षाचे नुकसान सव्वादोनशे रुपयांच्या आसपासच राहते. या सूत्राचा आलेख तळाशी इतका सपाट असतो की थोडे इकडेतिकडे झाले तर फारसे बिघडत नाही. मागणी नेमकी दुप्पट झाली तरी खर्च सव्वापटच होतो. या मलमासाठी पुरवठादाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या मलमाची किफायती मागणी ३५ नग आणि खर्च ५२० रुपये. एक पेटी, म्हणजे ४८ नग, घेतली तर खर्च पाच टक्के वाढतो. पण २४० नग घ्यावे लागले की तो १,८३८ रुपयांवर, साडेतीनपटीच्याही थोडा पुढे जातो. हाही आकडा खोटा दिलासा देणाराच आहे. महिन्याला पाच नग खपणारे २४० नग चार वर्षे पुरतात. माल येताना त्याची मुदत १८ महिने उरलेली असेल, तर तेवढ्या काळात ९० नग खपतील आणि १५० नग, म्हणजे ९,००० रुपयांचा माल, मुदत संपून फेकला जाईल. सूत्राला मुदतबाह्य होणे माहीतच नसते. म्हणून मुदत असलेल्या मालाला वेगळी वरची मर्यादा लावावी लागते: उरलेल्या मुदतीत जेवढे खात्रीने खपेल त्यापेक्षा जास्त मागवायचे नाही. किमान मागणी या मर्यादेच्या वर गेली, तर त्या पुरवठादाराकडून तो माल घेऊच नये.

मग माल आणायचा कुठून? स्थानिक स्टॉकिस्ट सुटे नग देतो, पण भाव जास्त लावतो. या उदाहरणात त्याने नगाला ८० रुपये लावले तरी वर्षाचा जादा खर्च मोठ्या मागणीच्या जादा खर्चाच्या जरा खालीच राहतो, आणि फेकाव्या लागणाऱ्या मालाची किंमत त्यात धरलेलीही नाही. खरेदी विभाग मात्र भावाचा फरक बघून नाक मुरडतो, कारण भाव बिलावर छापलेला असतो आणि साठा ठेवण्याचा खर्च कुठल्याच बिलावर नसतो.

दुसरा मार्ग पुरवठादाराला विचारण्याचा. किमान मागणी प्रत्येक मालाला स्वतंत्र आहे की सगळ्या मागणीला मिळून? पुष्कळदा ती त्याच्या माल काढण्याच्या आणि पाठवण्याच्या खर्चातून आलेली असते. तसे असेल तर पाच पेट्या कुठल्याही मिश्रणाने झाल्या तरी त्याला फरक पडत नाही. मग पहिल्या मलमाच्या चार आणि दुसऱ्याची एक पेटी मिळून २४० नग होतात. दुसऱ्याची पेटी साडेनऊ महिने पुरते, म्हणून हे मिश्रण साधारण चार मागण्यांतून एकदाच करावे लागते. बाकीच्या तीन वेळा पाचही पेट्या पहिल्याच्या. पण किमान मागणी उत्पादनाच्या एका घाण्यातून किंवा छपाईच्या एका फेरीतून आलेली असेल, तर मिश्रण चालत नाही. ग्राहकाचे नाव छापलेल्या वेष्टनाची किमान मागणी अशीच असते.

फेरमागणी कोणत्या पातळीला द्यायची, हा प्रश्नही यात गुंततो. समजा, पहिल्या मलमाचा हातातला आणि वाटेतला साठा मिळून ४० नगांवर आला की १५५ मागवायचे, असे ठरलेले आहे. पण पुष्कळ तक्त्यांत दोन्हींची बेरीज करून ‘१९५ नगांपर्यंत भरा’ एवढेच लिहिलेले असते. तसे असले की या मलमाचा एक नग खपला तरी गरज १ दिसते आणि अटी तिचे २४० करतात. साठा ४० ऐवजी १९४ वरच मागवला जातो आणि कायमचा दीडशेहून अधिक नगांनी वर तरंगतो. मागवण्याची पातळी आणि मागवायचे नग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की हे टळते. शिवाय मागण्या मोठ्या झाल्या की त्यांची संख्या घटते आणि साठा तळाला जाण्याचे प्रसंगही वर्षात कमी येतात. म्हणजे राखीव साठा थोडा कमी करता येतो. तो सहसा कुणी कमी करत नाही, आणि वाढलेल्या मागणीवर जुना राखीव साठा तसाच बसून राहतो.

अटी लावण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी किमान मागणी लावायची, मग पेटीच्या पुढच्या पटीत न्यायचे. उलट केले आणि किमान मागणी पेटीच्या पटीत नसली, तर पेटीत न बसणारा आकडा येतो. किमान मागणी १००, पेटी ४८ आणि गरज ३० असेल, तर आधी पेटी लावून ४८ आणि मग किमान मागणी लावून १०० होतात. १०० नगांच्या पूर्ण पेट्या होत नाहीत. योग्य क्रमाने १४४ येतात. तक्त्यात हे असे लिहितात (B2 गरज, C2 किमान मागणी, D2 पेटी):

```
=IF(B2<=0,0,CEILING(MAX(B2,C2),D2))
```

सुरुवातीची अट गाळली की गरज शून्य असलेल्या मालालाही किमान मागणी लागते आणि न खपणाऱ्या मालाच्या मागण्या सुटतात. गरज काढताना वाटेतला माल वजा केला नाही, तर तीच मागणी माल येईपर्यंत रोज पुन्हा निघते.

तपासणी सोपी आहे. मागणीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवायचे: सूत्राचा आकडा किती महिने पुरेल आणि प्रत्यक्ष मागणी किती महिने पुरेल. दोहोंत तिपटीहून अधिक तफावत असलेले माल वेगळे काढून पाहिले की त्यात हळू खपणारे माल दिसतात, आणि त्यांच्याबरोबर नोंदीच्या चुकाही. सर्वांत नेहमीची चूक एककाची. पुरवठादाराच्या यादीत ‘किमान ५’ म्हणजे पाच पेट्या असतात, संगणकात पाच नग भरले जातात आणि मागणी परत येते. किंवा ‘किमान २४०’ नग असताना एकक पेटी नोंदवले जाते, आणि ११,५२० नगांची मागणी तयार होते.