कोलीन

कोलीन हे शरीराला आवश्यक असणारे, पाण्यात विरघळणारे एक पोषकद्रव्य आहे. ब गटातील जीवनसत्त्वांशी त्याचे कार्य जुळते. मानवी यकृत थोडे कोलीन स्वतः तयार करते; परंतु ते पुरेसे नसल्याने उरलेली गरज आहारातून भागवावी लागते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ स्ट्रेकर यांनी १८६२ मध्ये पित्तापासून मिळालेल्या या पदार्थाला कोलीन हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त.

अंड्यातील व सोयाबीनमधील कोलीन

अन्नातील कोलीन बहुतांशी लेसिथिन या मेदपदार्थाच्या रूपात असते. एका मोठ्या उकडलेल्या अंड्यातून सुमारे १४७ मि.ग्रॅ. कोलीन मिळते आणि ते जवळजवळ सर्व पिवळ्या बलकात असते. त्यामुळे बलक टाकून केवळ पांढरा भाग खाणाऱ्यास कोलीन मिळत नाही.

वनस्पतिजन्य अन्नात सोयाबीन हा कोलीनचा चांगला स्रोत आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १२० मि.ग्रॅ. कोलीन असते. कोल्हापूर जिल्ह्यात खरीप हंगामात सोयाबीन घेतले जाते. मात्र घरोघरी ते प्रामुख्याने तेलाच्या रूपात पोहोचते. तेल शुद्ध करताना त्यातील लेसिथिन चिकट गाळाच्या रूपात वेगळे काढले जाते. म्हणून रिफाइंड सोयाबीन तेलात कोलीन नगण्य असते. कोलीनसाठी दाणे किंवा त्यांचे पीठच खावे लागते.

यकृतातील मेद

यकृतात तयार झालेला मेद प्रथिनांसह सूक्ष्म कणांत बांधून रक्तात पाठवला जातो. या कणांचे बाह्य आवरण लेसिथिनचे असते. कोलीन कमी पडल्यास आवरण अपुरे राहते आणि मेद यकृतातच साचतो. कॅनडातील चार्ल्स बेस्ट यांनी १९३० च्या दशकात स्वादुपिंड काढलेल्या, इन्शुलिनवर जगवलेल्या कुत्र्यांच्या यकृतात असा मेद साचलेला पाहिला. लेसिथिन दिल्यावर तो कमी होई, आणि त्यातील प्रभावी घटक कोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले.

मनुष्यात कोलीनचा अभाव झाल्यास रक्तातील यकृत किंवा स्नायूंची विकरे वाढतात. कोलीन दिल्यावर ती सहसा पूर्ववत होतात. तथापि भारतात आढळणारे मेदयुक्त यकृत बहुधा स्थूलता, मधुमेह किंवा मद्यपान यांच्याशी निगडित असते. केवळ अंडी खाऊन ते बरे होत नाही.

मेंदूची वाढ

गर्भाच्या पेशी वेगाने वाढत असताना प्रत्येक पेशीपटलासाठी कोलीन लागते. स्मृती व स्नायूंच्या हालचालींशी संबंधित ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायनही त्यापासूनच बनते. गर्भारपणात आईच्या रक्तातून वार हे द्रव्य गर्भाकडे ओढून घेते, त्यामुळे आईचा साठा घटतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ मधील प्रयोगात शेवटच्या तिमाहीत रोज ९३० मि.ग्रॅ. कोलीन घेतलेल्या मातांच्या बाळांचा प्रतिसाद ४८० मि.ग्रॅ. घेतलेल्यांच्या बाळांपेक्षा जलद आढळला. परंतु बाळांची संख्या अत्यल्प असल्याने हा निष्कर्ष अंतिम मानला जात नाही.

कोणाला कमी पडते

अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये दैनंदिन पुरेसे प्रमाण पुरुषांसाठी ५५०, स्त्रियांसाठी ४२५, गर्भवतींसाठी ४५० आणि स्तनदा मातांसाठी ५५० मि.ग्रॅ. ठरवले. अंडी व मांस न खाणाऱ्या गर्भवतीचा दिवसाचा आहार उदाहरणादाखल पाहता येईल. २०० ग्रॅम गव्हाच्या पिठाच्या चपात्यांतून सुमारे ६०, एक मोठी वाटी शिजलेल्या डाळीतून ६५, दोन पेले दुधातून ८५, मूठभर शेंगदाण्यांतून १५ आणि फ्लॉवरच्या भाजीतून २५ मि.ग्रॅ. कोलीन मिळते. एकूण २५० होते, म्हणजे २०० कमी. ५० ग्रॅम सोयाबीन खाल्ल्यास त्यात ६० ची भर पडते, तरी गरज भागत नाही. दोन अंडी घेतल्यास मात्र एकूण प्रमाण ५४० च्या पुढे जाते.

कोलीनपासून बनणारे बीटेन हे होमोसिस्टीन या घटकाचे मेथिओनिनमध्ये रूपांतर करते. हेच काम फोलेट व ब-१२ मिळूनही करतात. ब-१२ कमी असल्यास बीटेनच्या मार्गावर अधिक भार पडतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या मातृपोषण अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींत ब-१२ कमी आढळले. म्हणून दूधही अल्प घेणाऱ्या शाकाहारी स्त्रियांत दोन्ही उणिवा एकत्र येण्याचा संभव असतो.

रजोनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेन यकृतातील कोलीननिर्मितीस चालना देते. रजोनिवृत्तीनंतर हा आधार घटतो. म्हणून अपुऱ्या आहाराचा परिणाम पुरुष व वयस्क स्त्रियांत लवकर दिसतो. दीर्घकाळ शिरेतून पोषण घेणाऱ्या रुग्णांनाही कोलीन कमी पडू शकते.

अतिसेवन

प्रौढांसाठी दिवसाला ३,५०० मि.ग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. त्याहून अधिक घेतल्यास अंगाला माशासारखा वास येणे, घाम सुटणे व रक्तदाब उतरणे ही लक्षणे दिसतात. नेहमीच्या जेवणातून एवढे प्रमाण होत नाही. पूरक गोळ्यांच्या अतिवापराने ते होऊ शकते.