फुटबॉलची शिवण : चेंडू गुळगुळीत झाला आणि वाट चुकू लागला

१/ १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेंडू कोणाचा, यावरच वाद झाला. अखेर पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ असा पुढे होता. सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला.

२/ तो चेंडू चामड्याचे तुकडे शिवून केलेला असे. आतल्या रबरी फुग्यात हवा भरून बाहेरचे तोंड वादीने आवळत. पावसात चामडे पाणी पिऊन जड होई आणि वादीवर हेडर बसला तर कपाळ सोलून निघे.

३/ १९७० च्या ‘टेलस्टार’ला १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षट्कोन होते. १९८६ मध्ये ‘अझ्टेका’सोबत विश्वचषकातून चामडे गेले, कृत्रिम आवरण आले. हातशिवण मात्र टिकून होती.

४/ २००६ च्या ‘टीमगाइस्ट’मध्ये १४ तुकडे उष्णतेने जोडले गेले. टाक्यांची भोके उरली नाहीत, म्हणून पाणी आत शिरण्याची वाटही बुजली. २०१० च्या ‘जाबुलानी’त तुकडे अवघे ८ झाले आणि तिथेच अडचण उभी राहिली.

५/ शिवणीचे एक काम सहज लक्षात येत नाही. तिचा खडबडीतपणा चेंडूलगतच्या हवेचा थर ढवळतो. ढवळलेली हवा पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहते, त्यामुळे चेंडूमागची पोकळी लहान होते आणि अवरोध घटतो. मात्र हे एका ठरावीक वेगाच्या वरच घडते.

६/ त्या वेगाच्या आसपास फिरकी नसलेला चेंडू अस्थिर होतो. एका बाजूला शिवण आली की तिथली हवा चिकटते, दुसऱ्या बाजूची सुटते आणि चेंडू कडेला ढकलला जातो. तो किंचित वळला की ढकलण्याची दिशाही बदलते.

७/ नासाच्या एम्स केंद्रातील रवींद्र मेहता यांच्या अभ्यासानुसार जुन्या पद्धतीच्या चेंडूत हा वेग ताशी सुमारे ५० किमी होता. गुळगुळीत जाबुलानीत तो सुमारे ७५ ते ८० वर गेला. जोरकस फ्री किक गोलाकडे येताना नेमकी याच वेगाला उतरते. म्हणून गोलरक्षकांना तो चेंडू शेवटच्या क्षणी डगमगताना दिसला. ब्राझीलच्या ज्युलिओ सेझारने त्याची तुलना सुपरमार्केटमधल्या स्वस्त चेंडूशी केली.

८/ वजन, घेर, उसळी हे सारे नियमात बसत होते. दोष फिरकीविना उडणाऱ्या चेंडूतच प्रकटे. भरपूर फिरकी दिलेला चेंडू फिरकीच्या दिशेनेच वळत राही.

९/ २०१४ च्या ‘ब्राझुका’ला तुकडे आणखी कमी, केवळ ६. तरीही तो स्थिर उडाला, कारण नागमोडी तुकड्यांमुळे जोडांची एकूण लांबी जाबुलानीच्या सुमारे २ मीटरवरून ३.२७ मीटरवर गेली. जोड खोलही झाले. तुकडे किती, यापेक्षा जोड किती लांब आणि किती खोल, हे निर्णायक ठरले. दोरा गेला, त्याने पाडलेली खाच मात्र मुद्दाम परत आणावी लागली.