गॅल्टनच्या तक्त्यातलं ६२.२

फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ साली ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीचा तक्ता छापला, तेव्हा एक इंच रुंदीच्या वर्गांच्या डोक्यावर ६२.२, ६३.२, ६४.२ असे आकडे होते. आपण शाळेत ज्याला वर्गमध्य म्हणतो, तेच हे आकडे. पण ६२ ते ६३ या वर्गाचा मध्य ६२.५ व्हायला हवा, मग हा .२ कुठून आला? त्याचं उत्तर गॅल्टनने तक्त्याखालच्या टिपेतच दिलं आहे. लोकांनी उंची कळवताना पूर्ण इंचाकडे जास्त ओढा दाखवला होता. बासष्ट आणि वर थोडं असलं की सरळ बासष्ट लिहायचं. त्यामुळे वर्गातली माणसं सारखी पसरली नव्हती, ती खालच्या टोकाशी दाटली होती. वर्गीकृत सारणीतून काढलेला मध्य आणि मध्यक पडताळण्याची कुळकथा मला या टिपेपासूनच सांगावीशी वाटते.

ही मोजमापं गॅल्टनने स्वतः पट्टी लावून घेतलेली नव्हती. १८८४ मध्ये त्याने कुटुंबांच्या नोंदी मागवल्या आणि त्यासाठी ५०० पौंडांची बक्षिसं ठेवली. घराघरांतून जे आकडे आले, त्यांत मुलींची उंची १.०८ ने गुणून त्याने ती पुरुषांच्या मापाला आणली आणि सगळ्यांना एका तक्त्यात बसवलं. खालून वर जाताना वर्गांतली माणसं अशी होती: ६२.२ च्या खाली ५, मग ७, ३२, ५९, ४८, ११७, १३८, १२०, १६७, ९९, ६४, ४१, १७ आणि ७३.२ च्या वर १४. पडताळ्याची पहिली पायरी इथेच येते. बेरीज ९२८ आली तरच पुढे जायचं, कारण पुढचे सगळे पडताळे वारंवारता बरोबर उतरवली आहे असं धरूनच चालतात.

आधी मध्यक. ‘मधलं मूल्य’ या अर्थाचा शब्द फ्रेंच गणिती कूर्नो याने १८४३ मध्ये वापरला होता, इंग्रजीत तो गॅल्टनमुळे १८८१ च्या सुमारास रुळला. गॅल्टनला मध्यक आवडायचा, कारण माणसं उंचीच्या क्रमाने उभी केली की मधल्या माणसाकडे बोट दाखवलं, संपलं. तक्त्यात मात्र तो मधला माणूस दिसत नाही, त्याचा फक्त वर्ग दिसतो. ९२८ चे निम्मे ४६४. पहिल्या सात वर्गांची संचित वारंवारता ४०६ होते आणि आठव्या वर्गात १२० माणसं आहेत, म्हणजे मध्यकवर्ग हाच. गॅल्टनचा ६८.२ मध्यभागी धरला तर हा वर्ग ६७.७ ते ६८.७ असा आहे. त्यात आणखी ५८ माणसं पुढे सरकायचं आहे, म्हणून

६७.७ + (४६४ − ४०६) / १२० × १ = ६८.१८

आता हाच मध्यक उलट बाजूने काढून पाहावा. ६८.७ च्या वर ४०२ माणसं आहेत, ४६४ व्हायला ६२ कमी पडतात. ६८.७ मधून ६२/१२० म्हणजे ०.५२ वजा केले की पुन्हा ६८.१८. दोन्ही बाजूंनी एकाच जागी येऊन पोहोचलो नाही, तर संचित वारंवारतेत कुठेतरी चूक आहे. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ४०६ ऐवजी त्याच वर्गाची ५२६ घेणं. मग कंसातला आकडा ऋण होतो आणि उत्तर ६७.१८ येतं, जे मध्यकवर्गाच्या बाहेर पडतं. सर्वांत मोठी वारंवारता १६७ आहे म्हणून तोच मध्यकवर्ग समजला, तरीही उत्तर त्या वर्गाच्या बाहेरच जातं. मध्यक आपल्याच वर्गात बसतो का, हे नुसतं डोळ्यांनी पाहिलं तरी अशा चुका पकडता येतात. गॅल्टनने आपला मध्यबिंदू सव्वा अडुसष्ट इंच धरला होता. आपलं उत्तर त्याच्या अगदी जवळ आहे.

मध्यासाठी अडचण दोन टोकांची आहे. ‘खाली’ आणि ‘वर’ या वर्गांना दुसरी सीमाच नाही. मध्यकाला त्याने काही फरक पडत नाही, पण मध्य काढायला त्या १९ जणांना कुठेतरी उभं करावं लागतं. क्रम पुढे नेऊन ६१.२ आणि ७४.२ धरू. ६८.२ हा गृहीतमध्य घेतला तर विचलनांचे गुणाकार ऋण बाजूला ९८९ आणि धन बाजूला ८९० होतात, बेरीज −९९. तिला ९२८ ने भागून गृहीतमध्यात मिळवली की मध्य ६८.०९. टोकं ६१.७ आणि ७३.७ धरून मी पुन्हा काढलं, तरी दोन दशांश स्थळांपर्यंत ६८.०९ च आलं. म्हणजे या तक्त्यात टोकांचा अंदाज निरुपद्रवी आहे. उत्पन्नाच्या तक्त्यात तो तसा राहत नाही, तिथे वरच्या उघड्या वर्गातली मोजकी माणसं सगळा मध्य ओढून नेतात.

गुणाकार पडताळायची युक्ती लुंडचा स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ कार्ल शार्लिए याच्या नावाने चालते. प्रत्येक विचलनात १ मिळवायचा आणि सगळे गुणाकार नव्याने करायचे. नवी बेरीज जुन्या बेरजेपेक्षा बरोबर एकूण वारंवारतेइतकी वाढली पाहिजे. आपल्या तक्त्यात ऋण ५८३ आणि धन १४१२ येतात, बेरीज ८२९. आणि −९९ + ९२८ सुद्धा ८२९. गृहीतमध्य एका इंचाने खाली नेऊन उत्तर पुन्हा काढण्यासारखंच हे आहे, फक्त भागाकार वाचतो. हातानं आकडेमोड करणाऱ्यांना याचा मोठा आधार होता, आणि वहीतल्या गणिताला आजही तो तितकाच लागू पडतो.

पण आता गॅल्टनच्या .२ कडे परत जाऊ. समजा कोणी टीप वाचलीच नाही, वर्ग ६२–६३, ६३–६४ असे मानले आणि वर्गमध्य .५ चे घेतले. मध्य ६८.३९ होतो, मध्यक ६८.४८. शार्लिएचा पडताळा जुळतो. मध्यक वरून काढा, खालून काढा, जुळतो. तो आपल्या वर्गातही बसतो. मध्य आणि मध्यक यांतला फरक आधी ०.०९ होता, आताही ०.०९ आहे. तरीही दोन्ही उत्तरं ०.३ इंचाने सरकलेली आहेत.

असं होतं कारण दोन्ही सूत्रं वर्गाच्या आत काय आहे ते पाहत नाहीत, गृहीत धरतात. शिवाय दोघांची गृहीतं वेगळी आहेत. मध्याचं सूत्र वर्गातल्या सगळ्यांना वर्गमध्यावर उभं करतं, मध्यकाचं सूत्र त्यांना सीमेपासून सीमेपर्यंत सारख्या अंतरावर उभं करतं. विल्यम शेपर्डने १८९८ मध्ये दाखवलं, की दोन्ही टोकांना हळूहळू विरळ होत जाणाऱ्या वितरणात वर्गीकरणामुळे मध्याला जवळजवळ धक्का लागत नाही. प्रसरण मात्र वर्गांतराच्या वर्गाच्या बाराव्या हिश्शाने फुगतं, आणि त्याची दुरुस्ती तेवढंच वजा करते. पण नोंदच एका बाजूला झुकलेली असेल, तर ती चूक शेपर्डच्या दुरुस्तीने निघत नाही.

हा झुकाव आपल्याकडेही आहे. जनगणनेच्या तक्त्यांत ३०, ३५, ४० ही वयं शेजारच्या वयांपेक्षा फुगलेली दिसतात, कारण वय विचारलं की पुष्कळजण शून्यात किंवा पाचात संपणारा आकडा सांगतात. वयाच्या तक्त्यात आणखी एक सापळा आहे. २०–२४ हा गट दिसला की दहावीतला मुलगा तो सलग करायला १९.५ ते २४.५ लिहितो आणि वर्गमध्य २२ काढतो. गुणांच्या तक्त्यात ही कृती बरोबर आहे. वय मात्र पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतात, चोवीस वर्षं अकरा महिन्यांचा माणूसही चोवीसच असतो. म्हणून तो वर्ग २० ते २५ आणि वर्गमध्य २२.५. अर्ध्या वर्षाची ही चूक मध्यात येते, मध्यकातही येते, आणि ती शोधायला तक्त्याच्या डोक्यावर नेमकं काय लिहिलं आहे आणि ते कसं विचारलं गेलं होतं, तेच पाहावं लागतं.