जबड्याची शस्त्रक्रिया आणि तारा
खालचा जबडा फार पुढे वाढला असेल किंवा मागे राहिला असेल, तर नुसत्या तारांनी चावा जुळत नाही. तारांनी दात हलतात, जबडा नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत ती लांबवतात, नाहीतर जबडा पुन्हा पुढे येतो.

उलट्या चाव्यात खालचे दात आत आणि वरचे बाहेर कलून दोष झाकतात. तारा वर्ष-दीड वर्षात ते सरळ करतात, तेव्हा चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. घरचे घाबरतात, हे आधीच सांगायला हवे. समजा, 4 मिलिमीटरचा उलटा चावा 8 झाला. मग पूर्ण भूल देऊन, तोंडाच्या आतूनच हाड कापून वरचा जबडा 4 पुढे, खालचा 6 मागे घेतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. मग वरचे दात खालच्या दातांच्या 2 मिलिमीटर पुढे येतात.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते. सुरुवातीला पेज, वरणाचे पाणी. मग मऊ भात. भाकरी साधारण दीड-दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी सांगितल्यावरच. खालचा ओठ कित्येक महिने बधिर राहतो, काहींचा कायमचा. चावा अचानक सरकला, तर पट्टी सैल झाली असावी. त्याच दिवशी दाखवावे. तारा आणखी सहा महिने ते वर्षभर राहतात.