अर्जाचे छायाचित्र : माथ्यावर जागा किती सोडावी?

निपाणी हे बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यामधले महामार्गावरचे गाव. येथील तरुण बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरतो, कोल्हापूरच्या महाविद्यालयाचा भरतो, कधी परदेशी व्हिसाचाही भरतो आणि बहुधा या सर्वांना एकच ‘पासपोर्ट साइज’ छायाचित्र जोडतो. प्रत्यक्ष पासपोर्टसाठी सेवा केंद्रात छायाचित्र तेथेच काढले जाते. चार वर्षांखालील मुलांचे मात्र बरोबर न्यावे लागते. अन्य अर्जांत चौकटीचे माप, डोक्याचा आकार आणि भोवतालची जागा यांची जबाबदारी अर्जदारावरच पडते.

सारे गणित एका मापावर उभे असते, ते म्हणजे हनुवटीच्या टोकापासून माथ्यापर्यंतची उंची. माथा कोठे मानायचा, याविषयी मात्र नियमांत एकमत नाही. पारपत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माथा म्हणजे कवटीचा वरचा बिंदू, केस वगळून. अमेरिकी व्हिसाच्या नियमात केस धरून मोजतात. दाट, उभे केस किंवा उंच बांधलेला अंबाडा असेल, तर हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

३५ × ४५ मिलिमीटरच्या चौकटीत या मानकानुसार डोके उंचीच्या ७० ते ८० टक्के, म्हणजे साधारण ३२ ते ३६ मिलिमीटर असावे. यातील ३३ मिलिमीटर हे माप सोयीचे ठरते. उरलेल्या १२ मिलिमीटरपैकी ४ माथ्यावर आणि ८ हनुवटीखाली ठेवावेत. तसे केल्यास डोळे चौकटीच्या मध्यरेषेच्या किंचित वर येतात. केस माथ्यापेक्षा बरेच उंच असतील तर डोके ३२ मिलिमीटर धरून वर ५ सोडावेत, नाहीतर केस चौकटीला टेकतात.

आता मोबाइलवर काढलेले, ३००० पिक्सेल रुंद व ४००० उंच असे मूळ छायाचित्र घेऊ. त्यात माथा वरच्या कडेपासून १००० पिक्सेलवर आणि हनुवटी २५०० वर आहे, म्हणजे डोके १५०० पिक्सेलचे. १५०० ला ४५ ने गुणून ३३ ने भागले की चौकटीची उंची सुमारे २०४५ येते. त्याच प्रमाणात रुंदी १५९० व माथ्यावरची जागा १८२ येते. म्हणून चौकट वरून ८१८ पिक्सेलवर सुरू करावी आणि नाकाची रेषा तिच्या मधोमध ठेवावी.

बँकांच्या सामाईक परीक्षेच्या अर्जात एक गोम आहे. तेथे छायाचित्र ४.५ × ३.५ सेंटिमीटरचे असावे असे म्हटलेले असते आणि त्याच वेळी २०० × २३० पिक्सेल पसंत असल्याचेही सांगितलेले असते. या दोहोंचे प्रमाण जुळत नाही. दुकानात तयार असलेले ३५ × ४५ चे छायाचित्र थेट २०० × २३० मध्ये बसवले, तर चेहरा सुमारे १२ टक्के रुंद दिसतो. एकाच माणसाचे गाल फुगलेले आणि मान आखूड दिसली, तर छायाचित्र ताणले गेले आहे असे समजावे. उपाय सोपा आहे. मूळ छायाचित्राकडे परत जाऊन उंची तीच, २०४५, ठेवावी आणि रुंदी १७७८ करून पुन्हा कातरावे. कातरणे प्रथम, पिक्सेल कमी करणे नंतर आणि फाइल २० ते ५० केबीत बसवणे शेवटी, हा क्रम मोडू नये.

अमेरिकी व्हिसाची चौकट चौरस, २ × २ इंचांची असते. डोके तिच्या ५० ते ६९ टक्के उंचीचे हवे, शिवाय डोळे तळापासून ५६ ते ६९ टक्क्यांच्या पट्ट्यात यावे लागतात. वरच्याच छायाचित्रातील तरुणाचे केस अगदी बारीक कापलेले आहेत असे धरून डोके ६० टक्के ठेवले, तर २५०० पिक्सेलची चौकट लागते आणि माथ्यावर सुमारे २१० पिक्सेल सोडावे लागतात. मूळ चित्रात वर १००० असल्याने ते सहज मिळतात.

बेळगावच्या स्टुडिओत मात्र अनेकदा काढतानाच चेहरा चौकटीत घट्ट बसवतात. वर जेमतेम १०० पिक्सेल उरले असतील, तर वरची दोन्ही मापे साधत नाहीत. तेव्हा संगणकावर पार्श्वभूमी रंगवून जागा वाढवण्याचा मोह होतो. पण अमेरिकी नियमांना असा फेरफार मान्य नाही आणि जोडाची रेषा केसांपाशी उमटतेही. त्याऐवजी पुन्हा काढून घ्यावे. काढताना माथ्यावर निदान अर्ध्या डोक्याइतकी जागा, दोन्ही खांदे पूर्ण आणि छातीपर्यंतचा भाग येऊ द्यावा, आणि छापील प्रतींसोबत न कातरलेली मूळ फाइल मागून घ्यावी.