जडीबुटीच्या पुडीत शिसं आहे का, हे कसं ओळखायचं?

सप्तशृंगी गडावर जाताना वणीत थांबलेले भाविक अनेकदा सांधेदुखी, मधुमेह किंवा पोटाच्या तक्रारींवर एखादी औषधाची पुडी घेऊन निघतात. पुडीवर ना नाव, ना घटक. अशा औषधात शिसं किंवा पारा असला, तर ते चवीवरून, रंगावरून किंवा वासावरून कळत नाही.

धातू येतात कुठून?

दोन वाटांनी. पहिली म्हणजे रसौषधी. यात शोधन करून पारा, हिंगुळ, हरताळ वापरतात, म्हणजे धातू मुद्दाम घातलेले असतात. दुसरी वाट नकळत येते: वनस्पती वाढली ती माती, दळण्याची यंत्रं, किंवा भेसळ.

प्रमाण किती असू शकतं?

भारतात वनौषधींसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. सर्वाधिक शिसं असलेल्या उत्पादनात एका ग्रॅममागे ३७,००० मायक्रोग्रॅम होतं, म्हणजे या मर्यादेच्या ३,७०० पट. मर्यादेत बसणारं चूर्ण रोज ३ ग्रॅम घेतलं तर ३० मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. त्या उत्पादनाचा फक्त एक ग्रॅम घेतला तरी ३७ मिलिग्रॅम जाईल.

मग घेताना काय पाहायचं?

सुटी पुडी टाळा. सीलबंद पाकिटावर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख बघा. यादीत पारद, हिंगुळ, हरताळ, मनःशिला, नाग भस्म (शिसं) असे शब्द असतील, किंवा नावातच 'रस' असेल, तर ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशा अर्थाची सूचना असते. दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे त्याच बॅचचा जड धातू तपासणी अहवाल मागा. अहवालावरचा बॅच क्रमांक पाकिटाशी जुळला नाही, तर त्याचा उपयोग नाही.

मात्र परवाना म्हणजे प्रत्येक पाकीट तपासलंय असं नाही. धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना अशी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी ठाऊक नाही.

आधीच घेतलं असेल तर?

पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी होणं ही शिसं साठल्याची लक्षणं असू शकतात, पण ती इतर आजारांतही दिसतात. खात्री रक्तातल्या शिशाच्या चाचणीनेच होते. औषध थांबवा, पण फेकू नका. उरलेली पुडी किंवा पाकीट डॉक्टरांकडे घेऊन जा, म्हणजे तेही तपासता येईल.